एक्स-रेची धास्ती आणि तिसरा सीटी

देवळाली कॅम्पातल्या कुठल्याही स्कॅन सेंटरच्या बाकावर बसा, समोरच्या भिंतीवर दोन पाट्या दिसतील. एकीवर लिहिलेलं असतं की इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. दुसरी पिवळी, तीन पात्यांच्या पंख्याचं काळं चिन्ह असलेली: गरोदर असाल तर तंत्रज्ञाला आधी सांगा. पहिली १९९४च्या कायद्यामुळे आली आणि ती सोनोग्राफीसाठी आहे. दुसरी किरणांसाठी आहे. पण दोन्हींत गरोदरपण आणि मनाई आली, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते. सोनोग्राफीवर कायदा आहे म्हणजे तिच्यात काहीतरी वाईट असणार, असं म्हणणाऱ्या शिकल्यासवरल्या सासवा मी पाहिल्या आहेत. त्याच सासवा नातवाला शिंक आली की ‘एकदा सीटी करूनच टाका’ म्हणतात.

क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून मी तीस वर्षं काढली, सगळी याच भागात. निवृत्त झालो तरी गल्लीतली माणसं फिल्मची पाकिटं घेऊन येतात. त्यांचे प्रश्न ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे. लोक घाबरतात ते खरं, पण चुकीच्या यंत्राला घाबरतात. सगळी धास्ती ‘एक्स-रे’ या शब्दाला चिकटली आहे आणि खरा हिशेब ज्याचा ठेवायला हवा त्या सीटीकडे कुणी बघत नाही.

हिशेब ठेवायचा तर माप हवं. शरीरात किरणांची किती ऊर्जा मुरली ते मिलिग्रेत मोजतात. कुठल्या अवयवाला किती मिळाली आणि तो अवयव किती नाजूक, हे धरून सगळ्या शरीराचा एकत्रित आकडा काढला की तो मिलिसिव्हर्टमध्ये येतो. वाचकाने दुसरा आकडा लक्षात ठेवला तरी पुरे. गर्भाचा विचार करताना मात्र पहिला लागतो, कारण तिथे फक्त गर्भाला किती पोचलं एवढाच प्रश्न असतो.

मिलिसिव्हर्ट म्हणजे केवढा, हे मी लोकांना राहण्याच्या भाड्यावरून सांगतो. माणूस नुसता जगला, श्वास घेतला, जेवला, तरी जमिनीतून, हवेतल्या रेडॉनमधून आणि आकाशातून त्याच्यावर किरण पडतातच. जगाची सरासरी वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे महिन्याला ०.२. आपला काळा पाषाण या बाबतीत ग्रॅनाइटपेक्षा सौम्य, पण सोयीसाठी हेच भाडं धरू. उलट केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे हेच भाडं कित्येक पट आहे आणि तिथल्या लोकांचा बरीच वर्षं मागोवा घेऊनही कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही.

आता या भाड्यात स्कॅन मोजा. छातीचा एक साधा एक्स-रे ०.०२ मिलिसिव्हर्ट, म्हणजे तीन दिवसांचं भाडं. दातांचा गोल फिरणारा एक्स-रे जवळपास तेवढाच. हातापायाच्या हाडाचा एक्स-रे तर काही तासांचा. मॅमोग्राफी दोन महिन्यांची. कंबरेच्या मणक्यांचा एक्स-रे मात्र दीडेक मिलिसिव्हर्टचा, सात-आठ महिन्यांचा, कारण जाड कमरेतून आरपार जायला किरण जास्त लागतात. डोक्याचा सीटी २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दहा महिने. छातीचा सीटी ५ ते ७, दोन-तीन वर्षं. पोटाचा ८ ते १०, चार वर्षं. आणि पोटाचाच सीटी आधी औषधाविना, मग औषध देऊन दोन-तीन वेळा असा फेज पाडून केला, तर प्रत्येक फेरीचं भाडं वेगळं लागतं. त्या फेऱ्या खरंच लागतात का, हे विचारणारा रुग्ण मला तीस वर्षांत दोनदा भेटला. सोनोग्राफी आणि एमआरआय यांचं भाडं शून्य. सोनोग्राफी म्हणजे आवाज आणि एमआरआय म्हणजे चुंबक. एक्स-रेसारखे किरण त्या दोन्हींत नाहीत.

एवढं माहीत असतं तर २०२१च्या मे महिन्यातला गोंधळ झाला नसता. कोविडच्या दुसऱ्या लाटेत नाशकात ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न ‘जेवण झालं का?’ इतका रोजचा झाला होता. एचआरसीटीसाठी माणसं पहाटेपासून रांगा लावत. त्याआधीच्या वर्षी राज्य सरकारने यंत्राच्या ताकदीप्रमाणे २ ते ३ हजार रुपयांपर्यंत दर बांधून दिला होता, म्हणून तो परवडतही होता. साधा खोकला झालेली धडधाकट पोरं आठवड्यात दोनदा स्कॅन करून येत. तेव्हा दिल्लीच्या एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं की एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांची देशपातळीवरची संघटना खवळली आणि म्हणाली की आधुनिक यंत्रावर तो ५ ते १० एक्स-रेंइतकाच असतो. टीव्हीवर दोन्ही आकडे ऐकून लोकांनी ‘डॉक्टरांतच एकमत नाही’ असा निष्कर्ष काढला.

वास्तविक दोन्ही आकडे भागाकारातून येतात. छातीचा नेहमीचा सीटी ५ ते ७ मिलिसिव्हर्ट धरा, त्याला चांगल्या एक्स-रेच्या ०.०२ ने भागा, उत्तर २५० ते ३५० येतं. आता कमी मात्रेवर सेट केलेला सीटी १ मिलिसिव्हर्टच्या आसपास धरा आणि एक्स-रे पुढून आणि बाजूने असे दोन मिळून ०.१ चा धरा, उत्तर १० येतं. एकाने वरचा आकडा मोठा आणि खालचा लहान घेतला, दुसऱ्याने उलट. खरा प्रश्न ‘तुमच्या सेंटरवर त्या दिवशी यंत्र कसं लावलं होतं’ हा होता, आणि त्याचं उत्तर प्रत्येक रुग्णाच्या सीडीत होतं. त्याकडे पुढे येतो.

आता वारंवारतेचा प्रश्न. देवळालीला माणसं एकेकाळी हवेसाठी येत. लॅम रोडवरची पारशी आणि गुजराती समाजांची सॅनिटोरियमं हवापालटासाठीच उभी राहिली. त्या काळात क्षयावर औषध नव्हतं. पाचगणीसारख्या ठिकाणी खास क्षयाची सॅनिटोरियमं होती, आणि जगभर एक उपचार चालायचा: छातीत हवा भरून रोगी फुप्फुस दाबून ठेवायचं, म्हणजे त्याला विश्रांती मिळते. ही हवा दर काही आठवड्यांनी पुन्हा भरावी लागे आणि दर वेळी फुप्फुस किती दबलंय ते फ्लुरोस्कोपीच्या पडद्यावर बघावं लागे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९२५ ते १९५४ या काळात असे उपचार झालेल्या बायकांचा पुढे माग काढला. अडीच हजारांवर बायकांची सरासरी ८८ वेळा फ्लुरोस्कोपी झाली होती. स्तनाला मिळालेली एकूण मात्रा सरासरी ७९० मिलिग्रे भरली. त्यांच्यात स्तनाचे कॅन्सर साधारण ११४ होतील अशी अपेक्षा होती, झाले १४७.

या एका अभ्यासात आपल्या सगळ्या प्रश्नाचं सार आहे, म्हणून मी तो नेहमी सांगतो. एक तर थोडी थोडी मात्रा पुन्हा पुन्हा घेतली तरी ती साठत जाते, हे दिसलं. दुसरं, ज्या मुली तेव्हा किशोरवयात होत्या त्यांच्यात धोका सर्वांत जास्त होता आणि चाळिशी ओलांडलेल्यांत तो जवळपास दिसलाच नाही. तिसरं, या बायकांच्या फुप्फुसांवरूनही तेच किरण गेले होते, पण फुप्फुसाचा कॅन्सर वाढला नाही. कुठल्या अवयवाला, कुठल्या वयात आणि एकूण किती, या तीन गोष्टी कळल्याशिवाय ‘किरण वाईट’ या वाक्याला काही अर्थ नाही. आणि प्रमाण बघा: ७९० मिलिग्रे. क्षयाच्या सध्याच्या मोहिमांत हातात धरून काढायच्या छोट्या यंत्राने छातीचा एक्स-रे गावातच काढतात. तेवढी बेरीज व्हायला तो हजारो वेळा काढावा लागेल.

आता गरोदर बाईकडे वळू. एक प्रसंग सांगतो, नावगाव न देता. शेजारच्या घरातली सून स्कूटरवरून घसरली. कंबरेत कळ आली म्हणून मणक्याचे दोन आणि छातीचा एक असे तीन एक्स-रे झाले. तंत्रज्ञाने पाळीचं विचारलं, पण बरोबर सासरे उभे होते. ती मान हलवून ‘नाही’ म्हणाली. दहा दिवसांनी कळलं की दिवस गेलेत. कुठल्याशा डॉक्टरांनी ‘पहिलंच आहे, रिस्क कशाला, खाली करून टाका’ असं सुचवलं. सासू आणि ती दोघी पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या. ती काही बोलत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, ‘भाऊ, खरं सांगा, बाळ वेडंवाकडं होईल का?’

मी आधी कॅलेंडर मागितलं. पाळी ५ जूनला आली होती, एक्स-रे ७ जुलैला झाला. गर्भ पाळीच्या तारखेपासून मोजतात, पण तो खरोखर राहतो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे एक्स-रेच्या दिवशी गर्भ अठराएक दिवसांचा होता. गर्भ राहिल्यापासूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत मोठी मात्रा बसली तर गर्भ टिकतच नाही, आणि टिकला तर पूर्ण बरा होतो. पाळीही फारशी चुकलेली नसते, बाईला कळतही नाही. तिसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत अवयव घडतात. आठ ते पंधरा आठवडे मेंदूचे सर्वांत नाजूक. ही सून अवयव घडण्याच्या उंबरठ्यावर होती. म्हणजे तारखेने तिला सूट मिळत नव्हती, मात्रेचं गणित करावंच लागणार होतं.

मणक्याच्या तपासणीत गर्भाला सरासरी १.७ मिलिग्रे पोचतात आणि वाईटात वाईट धरले तर १०. छातीच्या एक्स-रेत किरणांचा झोत पोटापासून लांब असतो. गर्भाला जेमतेम शिंतोडे पोचतात, ०.०१ मिलिग्रेहून कमी. तेव्हा वाईटात वाईट बेरीज १०. आता दुसऱ्या बाजूचा आकडा. गर्भात व्यंग आलं, डोकं लहान राहिलं, बुद्धी मंद झाली, हे सगळं हिरोशिमा-नागासाकीच्या गर्भवतींवरून आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून माहीत आहे, आणि ते १०० मिलिग्रेच्या खाली दिसत नाही. म्हणूनच किरण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००० साली स्पष्ट लिहिलं की गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली असेल तर केवळ त्या कारणाने गर्भपात करणं समर्थनीय नाही. ही सून त्या रेषेच्या दहाव्या हिश्श्यातही कदाचित नव्हती.

कॅन्सरचं काय, हा प्रश्न राहतो, कारण कॅन्सरला अशी खालची रेषा गृहीत धरत नाहीत. इथे इंग्लंडच्या डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांचं काम महत्त्वाचं. कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या आयांना त्यांनी १९५० च्या दशकात गाठून विचारलं की गरोदरपणात काय काय केलं होतं. पोटाचा एक्स-रे काढलेल्या आयांची संख्या लक्षात येण्याइतकी जास्त निघाली. तेव्हा बाळ खाली उतरेल का ते बघायला शेवटच्या महिन्यांत सर्रास एक्स-रे काढत. सोनोग्राफी नव्हती. बरीच वर्षं त्यांचं कुणी ऐकलं नाही, नंतर ऐकावं लागलं. त्या सगळ्या माहितीवरून पुढे हिशेब निघाला तो असा: १० मिलिग्रेमागे सतराशे बाळांत एकाला लहानपणी जादा कॅन्सर. आमच्या सुनेची सरासरी मात्रा धरली तर दहा हजारांत एक. किरण न लागताही बालपणी कॅन्सर होणारी मुलं साधारण पाचशेत एक असतात.

सासूबाईंना मी हे आकडे न सांगता एवढंच सांगितलं की काही न होता शंभरातल्या तिघा बाळांत जन्मतः काही ना काही व्यंग असतं, आणि या एक्स-रेने त्या तीनचे काही चार होत नाहीत. सुनेला मुलगी झाली, आता ती शाळेत जाते. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. दुर्दैवाने ती त्या तिघांतली निघाली असती, तर घरात आजन्म त्या एक्स-रेचंच नाव निघालं असतं. माझंही निघालं असतं. भीतीपायी काय होतं ते १९८६ च्या चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये दिसलं. तिथे पोचलेली मात्रा नगण्य होती. तरी पुढच्या जानेवारीत जन्म जवळपास चतुर्थांशाने घटले, कारण हव्या असलेल्या अंदाजे अडीच हजार गर्भांचे गर्भपात झाले होते.

गरोदरपणात सीटी करावा लागला तर? सगळं झोत कुठे पडतो यावर. झटके आले म्हणून डोक्याचा सीटी केला तर गर्भाला व्यवहारात काहीच पोचत नाही. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याचा संशय असेल तर छातीचा सीटी करतात, त्यात गर्भाला एक मिलिग्रेही पोचत नाही. उलट आईच्या स्तनांना जास्त मिळतात, म्हणजे विचार करायचाच असेल तर तो आईचा करावा. पोट आणि ओटीपोटाचा सीटी खरा मोठा. तो साधारण १० ते ५० मिलिग्रेंत बसतो, म्हणून अपेंडिक्सच्या संशयात आधी सोनोग्राफी, ती अपुरी पडली आणि एमआरआय जवळ असला तर तो, असा क्रम लावतात. पण अपघातात आतून रक्तस्राव होत असेल तर सीटीसाठी थांबणं हाच मोठा धोका. एमआरआयमध्येही एक पथ्य आहे: नसेतून द्यायचं गॅडोलिनियम गरोदरपणात टाळतात. आणि एका गोष्टीची भीती पूर्ण खरी आहे. थायरॉइडवर दिलं जाणारं किरणोत्सारी आयोडीन गरोदर बाईने घ्यायचं नाही, कारण तीन महिन्यांच्या सुमारास बाळाची स्वतःची थायरॉइड ते ओढून घेते.

अंगावर पाजणाऱ्या बायका विचारतात की एक्स-रेनंतर दूध काढून टाकायचं का. नाही. दिवा विझला की उजेड दुधात उरत नाही.

शिशाचा एप्रन हाही आता वादाचा विषय आहे. पोटावर एप्रन टाकला की बाईला बरं वाटतं, म्हणून आम्ही टाकत आलो. पण छातीच्या एक्स-रेत गर्भाला जे काही पोचतं ते बहुतेक छातीच्या आतून विखरून पोचतं, बाहेरचा एप्रन ते अडवू शकत नाही. शिवाय आपोआप मात्रा ठरवणाऱ्या यंत्राच्या झोतात एप्रनची कड आली तर यंत्र समजतं की माणूस जाड आहे आणि मात्रा वाढवतं. २०१९ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने पोटावर सरसकट एप्रन टाकण्याची पद्धत बंद करावी असं म्हटलं. मला ते पचायला वेळ लागला. पाळीची तारीख मात्र आजही विचारायलाच हवी, पण बाईला आत घेऊन, दार लावून. सासऱ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर येत नसतं.

आता मूल. इथे माझी भाषा बदलते, कारण इथे काळजी करण्यासारखं खरोखर काही आहे. मुलाच्या पेशी भराभर वाढत असतात, त्यामुळे त्यांना किरण जास्त बाधतात. मोठ्याच्या मापाने लावलेलं यंत्र लहान शरीराला जास्त मात्रा देतं. आणि कॅन्सर उगवायला जी वीस-तीस वर्षं लागतात ती मुलापुढे असतात, सत्तरीच्या आजोबांपुढे नसतात.

साध्या एक्स-रेबद्दल इथेही निश्चिंत राहावं. निमोनियाने महिनाभर दवाखान्यात पडलेल्या मुलाचे छातीचे वीस एक्स-रे झाले तरी बेरीज ०.४ मिलिसिव्हर्ट, दोन महिन्यांचं भाडं. मोडलेल्या हाताचे प्लास्टर बघायला पुन्हा पुन्हा काढलेले तर मोजूच नयेत. मोजायचे ते सीटी.

गेल्या काही वर्षांत यावर मोठे अभ्यास झाले. २०१२ साली ब्रिटनच्या एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: लहानपणी डोक्याचा एक सीटी झालेल्या दहा हजार मुलांमागे पुढच्या दहा वर्षांत एक जादा रक्ताचा कॅन्सर आणि एक जादा मेंदूची गाठ. त्यावर आक्षेप आला की ज्या मुलात आधीच गाठ आहे त्याचंच डोकं दुखतं आणि त्याचाच सीटी होतो, मग दोष सीटीचा कसा? आक्षेप योग्य होता. म्हणून युरोपातल्या नऊ देशांतल्या साडेनऊ लाख मुलांचा हिशेब झाला, तो २०२३ मध्ये आला. सीटी झालेल्या दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत रक्ताचे एक ते दोन जादा कॅन्सर. आकडा लहान आहे. एका मुलाला गरजेचा एक सीटी झाला, तर आईने झोप उडवून घेऊ नये. पण देशात लाखो मुलांचे बिनगरजेचे सीटी होत असतील, तर तोच लहान आकडा मोठा होतो.

आमच्या गल्लीतला पाच वर्षांचा मुलगा पेरूच्या झाडावरून पडला. दोन मिनिटं शुद्ध हरपली, दोनदा ओकला. त्याचा सीटी केला तो योग्यच होता. कुणाचा करायचा नाही हे २००९ साली अमेरिकेतल्या बेचाळीस हजारांहून जास्त मुलांवरून ठरलं आहे. मूल दोन वर्षांहून मोठं असेल, नीट भानावर असेल, शुद्ध गेली नसेल, ओकलं नसेल, डोकं असह्य दुखत नसेल, कवटीचं बूड फुटल्याची खूण नसेल आणि पडणं भयंकर नसेल, तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता दोन हजारांत एकाहूनही कमी. अशा मुलाला चार-सहा तास डोळ्यांखाली ठेवणं पुरतं. या मुलाच्या दोन खुणा भरत होत्या.

पहिल्या सीटीत बारीकशी चीर दिसली, रक्तस्राव नव्हता. त्याला नाशकात मोठ्या ठिकाणी हलवलं. घाईत सीडी घरीच राहिली, म्हणून तिथे दुसरा. चार दिवसांनी घरी सोडताना, मूल खेळत असताना, ‘खात्रीसाठी’ तिसरा. आई ती तिन्ही पाकिटं घेऊन आली, आणि मी प्रत्येक सीडीतलं शेवटचं पान उघडलं.

हे पान कुणी बघत नाही, म्हणून नीट सांगतो. सीटी यंत्र प्रत्येक तपासणीच्या शेवटी आकड्यांचा एक तक्ता बनवतं. त्यात CTDIvol आणि DLP असे दोन रकाने असतात. पहिला सांगतो झोत किती तीव्र होता. डोक्याच्या स्कॅनमध्ये मेंदूला जवळपास तेवढेच मिलिग्रे मिळाले असं समजायला हरकत नाही. दुसऱ्यात ती तीव्रता गुणिले किती सेंटिमीटर लांबी स्कॅन केली ते येतं. DLP ला वयाप्रमाणे आणि अवयवाप्रमाणे एका अंकाने गुणलं की मिलिसिव्हर्ट मिळतात. मोठ्या माणसाच्या छातीसाठी तो अंक ०.०१४, पोटासाठी ०.०१५. डोक्यासाठी मोठ्या माणसाचा ०.००२१, पाच वर्षांच्या मुलाचा ०.००४ आणि एक वर्षाच्या बाळाचा ०.००६७. तोच स्कॅन, पण बाळाला तिप्पट महाग पडतो, ते या अंकांत दिसतं.

पहिल्या सेंटरने मुलासाठीची सेटिंग निवडली होती. DLP ४०० होतं, गुणिले ०.००४, म्हणजे १.६ मिलिसिव्हर्ट. पुढच्या दोन्हींत DLP साडेआठशेच्या घरात होतं आणि CTDIvol पन्नासच्या वर. हे मोठ्या माणसाचे आकडे. यंत्रात लहान मुलाचा पर्याय असतो, तो कुणी दाबला नव्हता. प्रत्येकी ३.४. तिन्ही मिळून ८.४ मिलिसिव्हर्ट, त्यातले १.६ गरजेचे. बाकी ६.८ म्हणजे विसरलेली सीडी, न दाबलेलं बटण आणि ‘खात्री’. मुलाच्या मेंदूला तीन स्कॅन मिळून शंभराहून जास्त मिलिग्रे बसले. तरीही त्याला काही होण्याची शक्यता अगदी थोडी आहे आणि मी आईला तसंच सांगितलं. पण यातलं बहुतेक त्याला मिळायची गरज नव्हती.

मी त्या माउलीला चार वाक्यं पाठ करून दिली. आधीचा स्कॅन आमच्याजवळ आहे, तो बघा. सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का? यंत्र मुलाच्या मापावर लावलंय ना? आणि सीडीत शेवटचं आकड्यांचं पानही द्या. पहिल्यांदा विचारलं तेव्हा काउंटरवरच्या पोराने ‘ते पान कशाला? त्यात फोटो नसतो’ असं उत्तर दिलं म्हणे. आता ती सगळ्या सीडी एका डब्यात ठेवते, वर स्केचपेनने तारीख आणि DLP.

आम्हा तंत्रज्ञांच्या छातीवर नोकरीभर एक बॅज असतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि तिथून आकडा येतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची आहे. निवृत्तीच्या दिवशी मी माझ्या सगळ्या नोंदींची बेरीज केली होती. तीस वर्षं, हजारो रुग्ण, रात्रपाळ्या, थिएटरमधली यंत्रं, सगळं मिळून साडेसात भरले. त्या पेरूवाल्या मुलाला एका आठवड्यात मिळाले त्याहून कमी.